कधी चक्कर आली नाही, तरी आयसीडी का? आणि शॉक बसला तर?

"बाबा ५९ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, एक स्टेंट टाकला. टूडी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग, म्हणजे ईएफ, २८ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, पुढे आयसीडी बसवावं लागेल. पण बाबांना आजवर ना चक्कर, ना धडधड. आमच्या गल्लीतल्या एका काकांना ते मशीन बसवलंय, त्यांना दोनदा शॉक बसला आणि तेव्हापासून ते घराबाहेरच पडत नाहीत. खरंच गरज आहे का? आणि लगेच बसवायचं का?"

लगेच नाही. आयसीडी म्हणजे छातीत त्वचेखाली बसवलेली छोटी डबी, जी हृदयाचे ठोके सतत पाहते आणि ते जीवघेणे बिघडले तर शॉक देऊन सरळ करते. आज तीनच आठवडे झालेत आणि या घटकेला बसवलेल्या यंत्राचा बाबांना फायदा होईल असा पुरावा नाही. पण तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचा आहे आणि त्या दिवशी हा निर्णय खऱ्या अर्थानं घ्यायचा आहे, हे मात्र आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. विषय लांबणीवर पडून विसरला जाणं, हे मी घाईपेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

आधी चक्करेचं बघू. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, तिथे पुढे चट्टा तयार होतो. हा चट्टा सलग नसतो. त्याच्या आत आणि कडेला जिवंत स्नायूचे बारीक पट्टे उरलेले असतात आणि त्यांतून विजेचा संदेश फार सावकाश जातो. एखाद्या वेळी तो संदेश चट्ट्याभोवती फिरून पुन्हा निघाल्या जागी येतो आणि तसाच गोल फिरत राहतो. मग हृदय मिनिटाला १८०, २०० वेळा धडकायला लागतं. याला आम्ही व्हीटी म्हणतो. ते बिघडून व्हीएफ झालं की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकललंच जात नाही, आणि साधारण दहा सेकंदांत माणूस शुद्ध हरपतो. अनेकांच्या बाबतीत ठोके बिघडण्याचा हा पहिलाच प्रसंग असतो आणि त्याआधी कसलीही सूचना मिळालेली नसते. म्हणून "कधी चक्कर आली नाही" यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. ज्यांना असा प्रसंग येऊन गेला आणि ते वाचले, त्यांना यंत्र बसवायचं हे सगळ्यांना पटतं. बाबांचा प्रश्न पहिलाच प्रसंग जीवघेणा ठरू नये याचा आहे.

मग कोणाला धोका आहे हे ओळखायचं कसं? आमच्याकडे त्यासाठी ईएफ हा एकच भरवशाचा, पण तसा ढोबळ आकडा आहे. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के बाहेर जातं, ते ईएफ. चांगल्या हृदयात ते ५५ ते ६५ असतं. जितका चट्टा मोठा, तितकं पंपिंग कमी आणि तितकी संदेश गोल फिरण्याची शक्यता जास्त, एवढंच यामागचं तर्कशास्त्र आहे. २००२ साली मॅडिट-२ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुना अटॅक आणि ईएफ ३० किंवा त्याहून कमी असलेले १२३२ रुग्ण होते. सरासरी २० महिन्यांत साध्या उपचारांवरच्या गटात शंभरातले जवळपास २० जण गेले, आयसीडीच्या गटात १४. तीन वर्षांनी आलेल्या एससीडी-हेफ्ट अभ्यासात ईएफ ३५ पर्यंतचे आणि चालताना धाप लागणारे अडीच हजार रुग्ण होते. तिथे पावणेचार वर्षांत २९ विरुद्ध २२ असा फरक दिसला. अमियोडॅरोन नावाच्या ठोके आवरणाऱ्या गोळीनं मात्र आयुष्य वाढलं नाही.

हे आकडे तुम्ही दोन्ही बाजूंनी वाचावेत असं मला वाटतं. शंभर जणांना यंत्र बसवलं की त्या काळात सहा-सात जण जास्त जगतात. म्हणजे बाकी बहुतेकांनी यंत्र नुसतं बाळगलेलं असतं. आणि यंत्र असूनही काही जण जातात, कारण ते कमकुवत हृदयाला बळकट करत नाही. धाप कमी होत नाही, पायांची सूज उतरत नाही. एका ठरावीक क्षणासाठी पहारा देणं, इतकंच त्याचं काम.

आता वाट का पाहायची ते. अटॅकनंतरचा पहिला महिना सर्वांत धोक्याचा, हे खरं आहे. म्हणून तेव्हाच यंत्र बसवावं असं कुणालाही वाटेल, आणि तसं करून पाहिलंही गेलं. डायनॅमिट या अभ्यासात अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत आयसीडी बसवलं. ठोक्यांच्या गडबडीमुळे होणारे मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांनी होणारे तितकेच वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडलाच नाही. या पहिल्या आठवड्यांत अचानक होणारे बरेच मृत्यू शॉकनं टळण्यासारखे नसतात. कधी नवी गुठळी झालेली असते, कधी मऊ पडलेली हृदयाची भिंत फाटलेली असते.

दुसरं कारण जास्त आनंदाचं आहे. तीन आठवड्यांनंतरचा इको हा अजून गोंधळलेल्या हृदयाचा फोटो असतो. रक्तपुरवठा तुटल्यामुळे काही स्नायू मेलेला असतो आणि काही नुसता बधिर झालेला असतो. स्टेंटनं रक्त परत मिळाल्यावर हा बधिर भाग आठवड्यांनी जागा होतो. त्यात औषधांची भर पडते: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखा बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. २८ चं ४० झालेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांना यंत्राची गरज उरत नाही. म्हणून नियम असा, की अटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंट किंवा बायपासनंतर ९० दिवस थांबायचं आणि मग मोजायचं.

या तीन महिन्यांत गोळ्या नुसत्या चालू असणं पुरेसं नाही. सुरुवातीला डोस अगदी लहान असतात आणि रक्तदाब, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहत दर दोन आठवड्यांनी ते वाढवावे लागतात. तीन महिने पहिल्या दिवसाचाच डोस घेऊन मग "ईएफ अजून २८ आहे, मशीन बसवा" म्हणणं, हा रुग्णावर अन्याय आहे. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेच विचारा: डोस अजून वाढवता येतील का?

वाट पाहण्याला अपवाद आहेत. अटॅकचे पहिले दोन दिवस उलटल्यावर व्हीटी किंवा व्हीएफ झालं आणि त्यामागे नवा अडथळा वगैरे दुरुस्त करण्यासारखं कारण सापडलं नाही, किंवा बाबा कारणाशिवाय अचानक बेशुद्ध पडले, तर हा हिशेब बदलतो. अशा वेळी तीन महिन्यांची तारीख विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी ईएफ ३५ च्या आत राहिलं, चालताना थोडीफार धाप असेल, तर आयसीडी बसवावं, असं माझं स्पष्ट मत. ईएफ ३० किंवा त्याहून कमी असेल, तर धाप नसली तरीही. त्याच वेळी ईसीजीकडेही पाहायला सांगा. हृदयातली विजेचा संदेश नेणारी डावी वाट अडलेली असेल आणि ईसीजीतला मुख्य ठोका १५० मिलिसेकंदांहून रुंद असेल, तर तीन वायरींचं सीआरटी-डी यंत्र जास्त उपयोगी, कारण ते पंपिंगही सुधारू शकतं. ज्यांचं दुसऱ्या आजारामुळे वर्षभराचंही आयुष्य दिसत नाही, त्यांना यंत्र बसवू नये. आणि अटॅक न येता हृदय कमजोर झालेलं असेल, तर फायदा इतका स्वच्छ नाही. २०१६ च्या डॅनिश अभ्यासात अशा रुग्णांत अचानक मृत्यू निम्म्यावर आले, पण एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. तरुणांना फायदा झाला, वयस्करांना फारसा नाही. बाबांना अटॅक आलाय, म्हणून ते पहिल्या गटात येतात.

आता काकांच्या शॉककडे वळते, कारण मला वाटतं तुमची खरी भीती ती आहे.

आयसीडी प्रत्येक ठोक्यामधलं अंतर मोजत असतं. ठरवून दिलेल्या वेगाच्या वर ठरावीक ठोके सलग गेले, की ते जागं होतं. पहिला उपाय शॉक नसतोच. व्हीटीपेक्षा किंचित जलद असे आठ-दहा ठोके ते स्वतः देतं, त्यामुळे गोल फिरणाऱ्या संदेशाची वाट अडते आणि तो विझतो. याला एटीपी म्हणतात. रुग्णाला बहुतेक वेळा काही कळतही नाही. जलद व्हीटीतसुद्धा साधारण चारापैकी तीन प्रसंग एवढ्यावर मिटतात. ते जमलं नाही, किंवा व्हीएफ असेल, तर यंत्र काही सेकंदांत भारित होतं आणि ३५-४० ज्यूलचा शॉक देतं. शुद्धीत असताना बसला तर तो चांगलाच दुखतो. हे मी कुणापासून लपवत नाही.

माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. कऱ्हाडकडचे ऊस उत्पादक शेतकरी, वय ५२. अटॅक आल्यावर नऊ तास उशिरा पोहोचले. तिसऱ्या दिवशी ईएफ २४ होतं, औषधांवर तीन महिन्यांनी २९. कधी चक्कर नाही, अगदी तुमच्या बाबांसारखं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली एका वायरचं आयसीडी बसवलं. चौदा महिने शांततेत गेले. मग एके दिवशी विहिरीच्या काठावर, ओल्या जमिनीत अनवाणी उभे राहून त्यांनी मोटरच्या लोखंडी पाइपला हात लावला आणि शॉक बसला. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले होते आणि एकच विचारत होते, "मॅडम, काल मी मेलो असतो का?"

यंत्राशी बाहेरून बोलणारं प्रोग्रॅमर नावाचं उपकरण असतं, त्याचं डोकं छातीवर ठेवून आम्ही त्या क्षणाची नोंद काढली. यंत्र दोन जागांहून हृदय ऐकतं, एक वायरच्या टोकाशी आणि दुसरं वायर ते डबी असं लांबून. दोन्ही रेघांवर सेकंदाला ५० वेळा येणारी बारीक, एकसारखी करकर होती आणि तिच्याखाली त्यांचे स्वतःचे ठोके शांतपणे ८० च्या गतीनं चालले होते. ५० हा आपल्या घरच्या विजेचा वेग. मोटरची वीज गळत होती, अर्थिंग नव्हतं. ओल्या अंगातून गेलेल्या त्या गळतीला यंत्र व्हीएफ समजलं. हृदयाला काहीही झालेलं नव्हतं. करकर फक्त टोकाच्या रेघेवर असती, अधूनमधून येत असती, हात फिरवल्यावर वाढत असती आणि वायरचा विद्युतरोध एकदम उसळलेला दिसला असता, तर मी वायर तुटल्याचा संशय घेतला असता, आणि मग वायर बदलावी लागली असती. इथे वायर ठणठणीत होती. औषध बदललं नाही. इलेक्ट्रिशियन बोलावला, मोटरला अर्थिंग केलं, गळती दिसताच वीज तोडणारा स्विच बसवला. आपल्याकडे शेतपंपांची जी अवस्था असते, ती पाहता यंत्र बसवलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला मी आता पहिल्याच भेटीत मोटरबद्दल विचारते. ही गळती यंत्र नसलेल्या माणसालाही मारू शकते.

नऊ महिन्यांनी दुसरा शॉक बसला, रात्री, अंथरुणात. या वेळी त्यांना आधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. नोंदीत व्हीटी होती, मिनिटाला २१०. पहिलं एटीपी फोल गेलं, दुसऱ्यानं गती वाढून २५० झाली, मग ३५ ज्यूलचा शॉक बसला आणि पुढचा ठोका सरळ. यंत्रानं नेमकं काम केलं होतं. पण आताच का झालं? चार दिवस जुलाब होत होते आणि लघवी वाढवणारी गोळी त्यांनी तशीच चालू ठेवली होती. पोटॅशियम २.९ होतं, ते किमान ४ हवं. पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून काढलं, बीटा ब्लॉकर वाढवला. त्यानंतरची तीन वर्षं शॉक नाही.

एकाच माणसाला बसलेले हे दोन शॉक. लागलं सारखंच, पण अर्थ पूर्ण वेगळा. म्हणून शॉक बसल्यावर यंत्राची नोंद तपासणं हीच पहिली तपासणी, आणि "मशीननं वाचवलं" किंवा "मशीन बिघडलं" यातलं काहीही त्याआधी बोलू नये.

गैरलागू शॉकचं सर्वांत नेहमीचं कारण विजेची गळती किंवा तुटकी वायर नसून एट्रियल फिब्रिलेशन असतं. वरचे कप्पे बेताल झाले की खालचे ठोकेही १८० वर जातात आणि यंत्र फसतं. याचा मोठा भाग सेटिंगनं टळतो. पूर्वी यंत्रं फार उतावळी लावलेली असायची. २०१२ च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात एका गटात २०० च्या वरच्या वेगालाच उपचार, आणि दुसऱ्या गटात जरा थांबून उपचार, अशी सेटिंग्ज करून पाहिली. अनावश्यक उपचार खूपच कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले. पहिल्या प्रसंगापूर्वी बसवलेल्या यंत्राला संयम शिकवलेला असावा. काकांचं यंत्र जुन्या पद्धतीनं लावलेलं असेल, तर त्यांच्या घरच्यांना सांगा की सेटिंग बदलायला कापाकापी लागत नाही, वीस मिनिटांचं काम आहे.

शॉक बसला तर काय करायचं हे घरात आधीच ठरलेलं असू द्या. एकच शॉक बसला आणि त्यानंतर बाबांना बरं वाटतंय, तर बसवून ठेवा, दवाखान्यात फोन करा, एक-दोन दिवसांत नोंद तपासून घ्या. मध्यरात्री धावपळ नको. शॉकनंतर छातीत दुखत राहिलं, धाप लागली, गरगरलं किंवा शुद्ध गेली, तर लगेच १०८ ला फोन. २४ तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले तरीही लगेच दवाखाना, कितीही बरं वाटत असलं तरी. चोवीस तासांत तीन वेगवेगळे प्रसंग म्हणजे विजेचं वादळ, आणि त्यावर आयसीयूत झोपेची औषधं, बीटा ब्लॉकर, अमियोडॅरोन, कधी चट्ट्यातली वाट जाळून टाकणारी अ‍ॅब्लेशन करावी लागते. बाबा निपचित पडले आणि श्वास थांबला, तर यंत्र आहे म्हणून थांबू नका, छाती दाबायला सुरुवात करा. त्याच वेळी शॉक बसला तर तुमच्या हाताला झिणझिण्या येतील, इजा होणार नाही.

काकांसारखी माणसं घराबाहेर का पडत नाहीत, हे मला चांगलं समजतं. जिथे शॉक बसला ती जागा, ते काम, तो रस्ता मन टाळायला लागतं. एक रुग्ण आंघोळ करताना शॉक बसला म्हणून आठ महिने ओल्या फडक्यानं अंग पुसत होते. टाळलं की त्या दिवशी शॉक बसत नाही, आणि टाळल्यामुळेच बसला नाही असं मन धरून बसतं. शॉक तसाही क्वचितच बसतो, हे त्यात हरवून जातं. यावर मी दोन गोष्टी करते. नोंदीचा कागद समोर ठेवून कारण दाखवते, कारण "असंच झालं" यापेक्षा "जुलाबात पोटॅशियम उतरलं होतं" हे पेलायला सोपं असतं. मग मॉनिटर लावून आमच्यासमोर ट्रेडमिलवर चालवते. नाडी १२०, १३० होते आणि यंत्र गप्प राहतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं की पाय मोकळे होतात. तरीही झोप उडालेली असेल, सारखं रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि त्यात उशीर करत नाही.

रोजच्या जगण्यातले निर्बंध लोकांना वाटतात त्याहून थोडे आहेत. पहिले चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नको, वायर नवी असते. मोबाइल उजव्या कानाला, डाव्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर. विमानतळावर कार्ड दाखवायचं. एमआरआय लागला तर आधी यंत्राची माहिती द्यायची. खरा शॉक बसला तर तीन महिने गाडी चालवायची नाही, असं मी सांगते. आणि एसटी, ट्रक किंवा प्रवासी रिक्षा चालवणाऱ्याला यंत्र बसवायच्या आधीच सांगते की तो व्यवसाय पुढे करता येणार नाही. बाबा काय काम करतात हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते चालक असतील तर हा भाग डॉक्टरांशी आधी बोला.

यंत्राच्या खर्चाबरोबर हेही विचारात घ्या की बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं चालते आणि मग डबी बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. दर वेळी जंतुसंसर्गाची जोखीम थोडी असते, पण झाला तर डबी आणि वायर दोन्ही काढावं लागतं. जखमेजवळ लाली, सूज, स्राव दिसला तर घरगुती लेप लावू नका आणि जवळच्या दवाखान्यात सुईनं पू काढू देऊ नका, थेट यंत्र बसवणाऱ्यांकडे या.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी घरांत कुणी बोलतं. शॉकचं काम केव्हाही बंद करता येतं, सुरी न लावता, प्रोग्रॅमरनं. पुढे कधी बाबांना बरा न होणारा आजार झाला आणि शेवटचे दिवस आले, तर ते बंद करायला सांगण्याचा हक्क त्यांचा आहे. त्यानं हृदय थांबत नाही, पेसमेकरचं काम चालूच राहतं, फक्त मरणाच्या वेळी शॉक बसत नाहीत. असे शॉक सोसत गेलेल्या एका आजोबांच्या खोलीत मी उभी होते, आणि त्यांच्या मुलाला हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून मी यंत्र बसवायच्या आधीच, रुग्ण आणि घरचे दोघंही समोर असताना, हे सांगून टाकते.

तीन महिन्यांचा इको झाला की दोन्ही रिपोर्ट, ईसीजी आणि तेव्हाच्या गोळ्यांची डोससकट यादी घेऊन जा. शक्य असेल तर दोन्ही इको एकाच ठिकाणी करा, कारण डोळ्यांनी ईएफ ठरवताना माणसागणिक पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि ३३ की ३८ यावर बाबांचा निर्णय फिरतो.